अर्धी भाकरी आणि इज-आर

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत मी पहिल्यांदा सलग मॉक टेस्ट द्यायला लागलो, तेव्हा एक वेगळी वही केली होती. तिच्यात फक्त चुका लिहायच्या. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या पदवीधरांच्या परीक्षेत पहिल्या टप्प्याला १०० प्रश्न असतात आणि वेळ ६० मिनिटं. त्यातले २५ प्रश्न इंग्रजीचे. बरोबर उत्तराला दोन गुण आणि चुकलं की अर्धा गुण वजा. म्हणजे एक प्रश्न बरोबर येण्यात आणि चुकण्यात अडीच गुणांचा फरक पडतो. त्या रविवारी माझे इंग्रजीचे चार प्रश्न एकाच कारणानं चुकले होते. दहा गुण. तेवढ्या गुणांच्या फटीत किती हजार पोरं उभी असतात, हे अभ्यासिकेत बसणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही.

चारही प्रश्न वाक्यातली चूक शोधायचे होते. माझ्या वहीत ते असे उतरले आहेत :

‘वन ऑफ द स्टुडंट्स हॅव लॉस्ट हिज बॅग.’

‘टू-थर्ड्‌स ऑफ द वर्क हॅव बीन डन.’

‘फॉर्टी पर्सेंट ऑफ द व्होटर्स इज अ‍ॅबसेंट.’

‘ट्वेंटी किलोमीटर्स आर टू फार टू वॉक.’

पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्याला मी ‘नो एरर’ केलं होतं. तिसऱ्यात मी भलत्याच भागावर खूण केली. चारही ठिकाणी क्रियापद चुकीचं आहे. हॅवच्या जागी हॅज, पुन्हा हॅवच्या जागी हॅज, इजच्या जागी आर आणि आरच्या जागी इज.

नियम मला येत नव्हते असं नाही. क्लासच्या नोट्समध्ये ते चौकटीत छापलेले होते आणि मी ते पाठ केले होते. ‘वन ऑफ द’च्या पुढे नाम अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी. अपूर्णांक आणि टक्के असतील, तर ‘ऑफ’नंतरचं नाम बघायचं. अंतर, वेळ, पैसा, वजन असेल, तर एकवचनी क्रियापद. तीन ओळी, संपलं. पण एका प्रश्नाला सरासरी ३६ सेकंद मिळतात, आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात पहिल्या दोन नियमांची अदलाबदल व्हायची. कारण दोन्ही वाक्यं दिसायला सारखीच आहेत. आधी काहीतरी संख्या, मग ‘ऑफ द’, मग नाम. एकीकडे ‘ऑफ’च्या आधी बघायचं आणि दुसरीकडे ‘ऑफ’च्या नंतर. का? ते चौकटीत छापलेलं नव्हतं.

आमच्या अभ्यासिकेत एक ताई होत्या. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या, तिकडे लातूरच्या बाजूच्या. आधी दोन वर्षं शाळेत शिकवून आलेल्या. रात्री मेसमध्ये एकाच टेबलावर बसायचो. मी वही पुढे केली आणि विचारलं, “ताई, वनला मागं बघायचं आणि हाफला पुढं, हे कसं लक्षात ठेवता तुम्ही?”

त्या म्हणाल्या, “लक्षात कशाला ठेवायचं? ताटात बघ. किती भाकरी आहे?”

“अर्धी.”

“अर्धी का म्हणालास? अर्धा का नाही?”

“भाकरी म्हणून.”

“आणि डब्यात उरल्या त्या?”

“अर्ध्या भाकऱ्या उरल्यात.”

“मग झालं की. अर्ध्याला स्वतःचं काही नसतं. ज्याचं अर्धं, त्याचं लिंग, त्याचं वचन.”

मला हे तेव्हा जरा फसवं वाटलं, कारण इंग्रजीच्या प्रश्नाचं उत्तर भाकरीत असेल असं मनाला पटत नाही. पण रात्री खोलीवर जाऊन मी वाक्यं मांडून बघितली आणि खरंच तसंच होतं. आपण ‘अर्धं शेत वाळलं’ म्हणतो आणि ‘अर्धी शेतं वाळली’ म्हणतो. ‘निम्मं दूध सांडलं’ आणि ‘निम्मी मुलं घरी गेली’. ‘साठ टक्के पाणी वाया जातं’ आणि ‘साठ टक्के मुली पास होतात’. क्रियापद ठरवताना आपण अर्धा, निम्मा, साठ यांच्याकडे बघतच नाही. साठ हा आकडा चांगला मोठा आहे, तरी पाणी ‘जातं’, ‘जातात’ होत नाही. इंग्रजी नेमकं हेच करतं. ‘सिक्स्टी पर्सेंट ऑफ द वॉटर इज’, ‘सिक्स्टी पर्सेंट ऑफ द गर्ल्स आर’. ‘हाफ ऑफ द फार्म इज’, ‘हाफ ऑफ द फार्म्स आर’. जो नियम मी पाठ करत होतो, तो मी बोलायला लागल्यापासून पाळत होतो.

माझ्या दुसऱ्या चुकीचं कारणही आता दिसलं. ‘टू-थर्ड्‌स’मध्ये ‘टू’ आहे आणि शेवटी ‘स’ आहे. डोळ्याला अनेकवचन दिसतं आणि हात ‘हॅव’कडे जातो. मराठीत म्हणून बघितलं की ‘दोन तृतीयांश काम झालं आहे’. ‘झाली आहेत’ कुणी म्हणणार नाही. याची उलटी फसवणूक ‘वन-थर्ड’मध्ये असते. त्यात ‘वन’ आहे, पण तो मोजणारा ‘वन’ नाही.

पुढच्याच आठवड्यात असं एक वाक्य आलं : ‘वन-थर्ड ऑफ द स्टुडंट्स इन अवर व्हिलेज, इन्क्लूडिंग माय ब्रदर, हॅज लेफ्ट स्कूल.’ यात फसवायला दोन गोष्टी ठेवल्यात. सुरुवातीचा ‘वन’ आणि क्रियापदाच्या अगदी शेजारी बसवलेला भाऊ. आधी स्वल्पविरामांमधला भाऊ झाकून टाकायचा. ‘इन अवर व्हिलेज’ हे फक्त ठिकाण, तेही झाकायचं. उरलं ‘वन-थर्ड ऑफ द स्टुडंट्स’. मराठीत : एक तृतीयांश विद्यार्थी शाळा सोडून गेलेत. ‘गेलाय’ नाही. म्हणून ‘हॅज’ चूक, ‘हॅव’ बरोबर. सरावानं हे दहा सेकंदांत होतं.

टक्क्यांमध्ये एक जागा मात्र जपून. ‘पर्सेंट’ आणि ‘द पर्सेंटेज’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘फॉर्टी पर्सेंट ऑफ द गर्ल्स आर’, पण ‘द पर्सेंटेज ऑफ गर्ल्स इज राइझिंग’. हेही मराठीत आपोआप कळतं. ‘चाळीस टक्के मुली येतात’, इथे येतात त्या मुली. ‘मुलींची टक्केवारी वाढते आहे’, इथे मुली वाढत नाहीयेत, टक्केवारी वाढते आहे, आणि टक्केवारी एकच असते.

आता ‘वन ऑफ द’. अर्ध्याला स्वतःचं वचन नसतं, तसं एकाला असतं. तो एक असतो, म्हणूनच तर एक. ‘वन ऑफ द स्टुडंट्स’ म्हणजे वर्गातून एकाला उभं केलं. बाकीचे बसलेलेच आहेत. बॅग हरवली ती उभ्या असलेल्याची. मराठीत ‘विद्यार्थ्यांपैकी एक जण रोज उशिरा येतो’. ‘येतात’ तोंडातून निघतच नाही.

मग इंग्रजीत का चुकतं? याचं कारण शब्दांच्या क्रमात आहे. मराठीत घोळका आधी येतो आणि एक नंतर. ‘विद्यार्थ्यांपैकी एक’. ‘एक’ क्रियापदाच्या जवळ असतो, त्यामुळे कान चुकत नाही. इंग्रजीत उलटं. ‘वन’ आधी येतो, मग घोळका येतो आणि घोळक्याला लागून क्रियापद. ‘स्टुडंट्स’चा आवाज कानात ताजा असतानाच क्रियापद निवडायचं असतं, आणि ‘स्टुडंट्स हॅव’ कानाला गोड लागतं. मला वाटायचं, ही मराठी माध्यमाची चूक. तसं नाही. कॅथरिन बॉक आणि कॅरोल मिलर या अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९१ साली यावरच एक शोधनिबंध लिहिला होता. त्यांनी इंग्रजी बोलणाऱ्या लोकांना वाक्याची सुरुवात दिली आणि बाकीचं पूर्ण करायला सांगितलं. कर्ता एकवचनी असून त्याच्यामागून अनेकवचनी नाम आलं, की लोकांच्या तोंडून अनेकवचनी क्रियापद जास्त वेळा निसटायचं. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांचंही. हे वाचल्यावर गुण वाढले नाहीत, पण झोप बरी लागली.

आपली खास चूक वेगळीच आहे, आणि ती क्रियापदाच्या आधीच होते. ‘वन ऑफ माय फ्रेंड’. ऑफिसच्या ईमेलमध्ये, मुलाखतीत, लग्नाच्या भाषणात, सगळीकडे. बरोबर आहे ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’. ती येते कुठून, तर ‘माझा एक मित्र’ या साध्या मराठीतून. आपल्याकडे ‘माझा एक मित्र’ म्हटलं की काम होतं, त्यात बाकीच्या मित्रांचा उल्लेखच नसतो. ‘माझा’चं ‘ऑफ माय’ झालं, ‘एक’चं ‘वन’ झालं आणि ‘मित्र’चा ‘फ्रेंड’ झाला. शब्द सगळे आले, पण घोळका आलाच नाही. उपाय एकच, इंग्रजीत ‘वन ऑफ’ म्हणायचं असेल तर मनात ‘माझा एक मित्र’ न म्हणता ‘माझ्या मित्रांपैकी एक’ म्हणायचं. ‘पैकी’ म्हटलं की अनेक जण आपोआप हजर होतात. ‘माझा एक मित्र’च म्हणायचं असेल, तर ‘अ फ्रेंड ऑफ माइन’ आहेच.

इथवर आल्यावर मला वाटलं, किल्ली सापडली. सगळं मराठीत करून बघायचं आणि टिक करायचं. पुढच्या मॉकला पुन्हा तीन चुकले.

पहिलं वाक्य होतं, ‘वन ऑफ द बॉईज हॅव ईटन ऑल द मँगोज’. मी मराठी केलं : मुलांपैकी एकानं सगळे आंबे खाल्ले आहेत. ‘आहेत’. म्हणजे ‘हॅव’ बरोबर. चूक! कारण मराठीत भूतकाळात कर्त्याला ‘ने’ लागला, की क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं. ‘मुलानं आंबा खाल्ला’, ‘मुलानं आंबे खाल्ले’, ‘मुलीनं आंबे खाल्ले’. ‘खाल्ले’ हे अनेकवचन आंब्यांचं आहे, मुलाचं नाही. इंग्रजीत असं होत नाही. म्हणून मराठीत करून बघायचं, ते नेहमी वर्तमानकाळात. ‘मुलांपैकी एक जण सगळे आंबे खातो.’ आता ‘खातो’ एकवचन, म्हणून ‘हॅज’.

दुसरं वाक्य अजून लागलं. ‘वन ऑफ माय अंकल्स लिव्ह इन नाशिक.’ मी मनात म्हणालो, माझ्या काकांपैकी एक जण नाशिकला राहतात. बरोबर वाटलं. पण ते ‘राहतात’ आदराचं आहे. काका एकच. आपण काकांना, सरांना, डॉक्टरांना एकटे असले तरी अनेकवचन देतो, आणि इंग्रजी क्रियापदाला आदर कळत नाही. ‘लिव्ह्ज’ हवं होतं. ताईंना सांगितलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, “नात्यातलं माणूस आलं की त्याच्या जागी मित्र बसव. मित्राला कुणी अहो-जाहो करत नाही.” तेव्हापासून ‘वन ऑफ द टीचर्स’, ‘वन ऑफ द डॉक्टर्स’ दिसलं की मी आधी सगळ्यांना मित्र करून टाकतो.

तिसरं वाक्य पैशाचं होतं. ‘हाफ ऑफ द मनी आर गॉन.’ मराठीत : अर्धे पैसे गेले. अनेकवचन. टिक. चूक. इंग्रजीत ‘मनी’ हे पाण्यासारखं नाम आहे, त्याला अनेकवचनी क्रियापद लागत नाही, म्हणून ‘हाफ ऑफ द मनी इज गॉन’. नियम तोच आहे, ‘ऑफ’नंतरचं नाम बघा. पण ते नाम इंग्रजीच्या डोळ्यांनी बघायला हवं. मग मी अशा शब्दांची यादीच केली, जे मराठीत अनेकवचनी आहेत आणि इंग्रजीत नाहीत. केस : ‘अर्धे केस पांढरे झाले’, पण ‘हाफ ऑफ हिज हेअर इज ग्रे’. तांदूळ : आपण तांदूळ ‘निवडतो’ आणि ‘अर्धे तांदूळ निवडून झाले’ म्हणतो, पण ‘हाफ ऑफ द राइस इज’. यादी फार लांब होत नाही. पैसे, केस, तांदूळ एवढं लक्षात ठेवलं तरी बरंच काम होतं.

पैशाचं वाक्य माझ्या वहीत दोनदा लिहिलेलं आहे, कारण त्या महिन्यात ते उदाहरण नव्हतं. घरून निघताना ठरलेली रक्कम होती, आणि मेस, खोली, अभ्यासिकेची फी धरून ती निम्म्यावर आली होती. वडिलांचा फोन आला की ते विचारायचे, “किती दिवस आता?” मी म्हणायचो, “अजून वर्षभर.” ते म्हणायचे, “दोन वर्षं म्हणजे काही कमी नाही रे.”

त्या ‘म्हणजे’नं माझा चौथा प्रश्न सुटला.

‘ट्वेंटी किलोमीटर्स आर टू फार टू वॉक’ यात मी ‘किलोमीटर्स’ बघून ‘आर’ सोडून दिलं होतं. इथे ‘ऑफ’ नाही, अपूर्णांक नाही, साधं अनेकवचनी नाम आहे. मग ‘इज’ का? कारण इथे कुणी वीस किलोमीटर एकेक करून मोजत नाहीये. ते सगळं मिळून एक अंतर आहे. मराठीत असं एकत्र बांधायचं असलं की आपण मध्ये एक दोरी टाकतो. ‘वीस किलोमीटर हे चालत जाण्याजोगं अंतर नाही’. ‘दहा हजार रुपये ही मोठी रक्कम आहे’. ‘दोन वर्षं म्हणजे काही कमी वेळ नाही’. हे, ही, म्हणजे. ती दोरी बसली की क्रियापद एकवचनी होतं. इंग्रजीत दोरी दिसत नाही, पण क्रियापद तसंच वागतं : ‘ट्वेंटी किलोमीटर्स इज’, ‘टेन थाउजंड रुपीज इज’, ‘टू इयर्स इज अ लाँग टाइम’. त्यामुळे तपासायची रीत अशी : आकड्यापुढे ‘एवढं अंतर’, ‘एवढी रक्कम’, ‘एवढा वेळ’ घालून बघायचं. वीस किलोमीटर एवढं अंतर चालायला फार आहे. बसलं, म्हणून ‘इज’.

जिथे ते बसत नाही, तिथे अनेकवचन. ‘टू इयर्स हॅव पास्ड’. वर्षं एकेक करून गेली आहेत. ‘दोन वर्षं गेली’ म्हणतो आपण, ‘दोन वर्षं एवढा वेळ गेला’ नाही. ‘द लास्ट फाइव्ह किलोमीटर्स वर स्टीप’, शेवटचे पाच किलोमीटर चढाचे होते. इथे चालणाऱ्याला प्रत्येक किलोमीटर वेगळा जाणवतोय. परीक्षेत बहुतेक वेळा बांधलेलं अंतरच येतं आणि पुढे ‘टू फार’, ‘अ लाँग वे’, ‘इनफ’, ‘अ बिग सम’ असं मोजमाप सांगणारं काहीतरी असतं. ते शब्द दिसले की ‘इज’कडे जायला हरकत नाही.

याच्याच शेजारची एक गंमत दीडची. मराठीत दीडला नाम एकवचनी राहतं. दीड रुपया, दीड महिना. अनेकवचन दोनपासून, किंवा अडीचपासून म्हणा. इंग्रजीत एकाच्या पुढे जरा सरकलं की अनेकवचन सुरू : ‘वन अँड अ हाफ मन्थ्स’. आपण ‘वन अँड अ हाफ मन्थ’ लिहितो ते दीड महिन्यामुळे. एकवचनच हवं असेल तर इंग्रजीत ‘अ मन्थ अँड अ हाफ’ असं फिरवून म्हणतात.

शेवटी उरलं ते सगळ्यात छळणारं, ‘वन ऑफ द’ आणि पुढे ‘हू’. ‘शी इज वन ऑफ द गर्ल्स हू प्लेज क्रिकेट.’ मी एव्हाना ‘वन ऑफ’ला एकवचन हे इतकं घट्ट धरलं होतं, की ‘प्लेज’ बघून पुढे गेलो. उत्तरपत्रिकेत ‘प्ले’ होतं. मी ताईंशी वाद घातला. उत्तरपत्रिका चुकली असेल म्हणालो, चुकतातही कधीकधी.

त्या म्हणाल्या, “जो-तो लावून म्हण.”

जो-तो लावलं. ज्या मुली क्रिकेट खेळतात, त्यांच्यापैकी ती एक. खेळणाऱ्या सगळ्या आहेत. ‘हू’ मुलींना चिकटला आहे, ‘वन’ला नाही, म्हणून ‘प्ले’. आणि ‘शी इज’मधला ‘इज’ मात्र तिचा एकटीचा. एकाच वाक्यात दोन क्रियापदं आणि दोघांचे मालक वेगळे.

मग त्यांनी एक शब्द घातला : ‘शी इज द ओन्ली वन ऑफ द गर्ल्स हू...’ आता जो-तो लावून बघितलं, तर ‘जी क्रिकेट खेळते, अशी त्या मुलींमध्ये ती एकटीच’. बाकीच्या खेळतच नाहीत. म्हणून इथे ‘प्लेज’. ‘द ओन्ली’ आला की ‘हू’ घोळक्याला सोडून एकीला धरतो.

इथे एक सांगायला हवं. ‘ओन्ली’ नसलेल्या वाक्यातही चांगलं इंग्रजी लिहिणारे लोक एकवचन वापरतात, आणि त्यावर इंग्रजीच्या जाणकारांमध्ये जुना वाद आहे. वर्तमानपत्रात तसं दिसलं तर ते अडाणी ठरत नाही. पण चूक शोधायच्या प्रश्नात उत्तर अनेकवचनच धरतात. माझ्या वहीत तिथे लाल पेननं लिहिलंय, ‘वाद घालू नको, प्ले कर’.

त्या वर्षी मी पहिला टप्पा पार केला. ताईंचा तो शेवटचा प्रयत्न होता, वयाची अट संपत होती. त्या परत शाळेत शिकवायला गेल्या. त्यांच्या खुर्चीवर आता एक नवा मुलगा बसतो, बीडचा. मागच्या आठवड्यात त्यानं माझी चुकांची वही वाचायला नेली आणि दुसऱ्या दिवशी मेसमध्ये एक वाक्य घेऊन आला.

“दादा, ‘मोअर दॅन वन स्टुडंट’च्या पुढं काय? मी मराठी केलं. एकापेक्षा जास्त विद्यार्थी आहेत. मग ‘आर’, बरोबर?”

“इज.”

“एकापेक्षा जास्त म्हणजे कमीत कमी दोन झाले की!”

“झाले. पण ‘वन’च्या पुढं ‘स्टुडंट’ आहे ना, ‘स्टुडंट्स’ नाही. क्रियापद त्याच्याकडं बघतं.”

तो थोडा वेळ ताटाकडे बघत बसला. मग म्हणाला, “पण अर्थ तर दोन आहे.”

“हो,” मी म्हणालो. “हे तेवढं पाठच कर.”